जुलाबाच्या बाळाचा केअर प्लॅन: पेपरात पाच रकाने कसे भरायचे

जीएनएमचे किंवा बी.एस्सी. नर्सिंगचे जुने पेपर चाळले की एक प्रश्न सारखा भेटतो. एका ओळीत रुग्ण, खाली अ, ब, क असे उपप्रश्न, आणि शेवटच्या उपप्रश्नात "नर्सिंग प्रोसेस वापरून या रुग्णाचा केअर प्लॅन लिहा". व्याख्या, कारणं, लक्षणं हे पाठांतरावर निघून जातं. गुण अडकतात ते केअर प्लॅनमध्ये. बहुतेकांना पाच पायऱ्यांची नावं तोंडपाठ असतात, पण पाच रकाने एकमेकांशी बोलत नाहीत. असेसमेंटमध्ये एक लिहिलेलं, गोल दुसऱ्याच गोष्टीचा, आणि इव्हॅल्युएशनमध्ये "पेशंटची तब्येत सुधारली" एवढंच.

खानदेशातल्या वॉर्डांत उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात जो रुग्ण हमखास दिसतो, तोच इथे घेते: जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं लहान बाळ. चाइल्ड हेल्थ नर्सिंगच्या पेपरात हा विषय नेहमीचा आहे आणि कम्युनिटीच्या पेपरातही तो येऊ शकतो. एकच केस शेवटपर्यंत नेऊ. पेपरात उत्तर इंग्रजीत लिहायचं असलं, तरी इथे तीच वाक्यं आपण वॉर्डात बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत.

प्रश्न हातात आल्यावर

समजा प्रश्न असा आहे: "१४ महिन्यांचा मुलगा, कालपासून पातळ जुलाब व उलट्या, सम डिहायड्रेशन म्हणून दाखल. (अ) डिहायड्रेशनचं वर्गीकरण लिहा. (ब) या बाळाचा नर्सिंग केअर प्लॅन लिहा."

इथे वजन नाही, नाडी नाही, लघवी किती झाली ते नाही. मुली इथेच थांबतात आणि "डेटा दिलेला नाही" म्हणून मोघम लिहायला लागतात. एका ओळीच्या केसमध्ये डेटा तुम्हीच भरायचा असतो. फक्त दोन पथ्यं पाळा. प्रश्नात जे दिलं आहे त्याच्या विरुद्ध काही लिहायचं नाही. आणि भरलेला डेटा दिलेल्या निदानाशी जुळला पाहिजे. प्रश्नात "सम डिहायड्रेशन" आहे आणि तुम्ही असेसमेंटमध्ये "बाळ बेशुद्ध, पिऊ शकत नाही" लिहिलंत, तर ते सिव्हिअर झालं. मग पुढचा तोंडाने ओआरएस देण्याचा सगळा प्लॅन चुकीचा ठरतो. एक शब्द चुकला आणि चार रकाने पडले, असं होतं.

म्हणून (अ) चं उत्तर लिहितानाच (ब) चा पाया घालून घ्या. सम डिहायड्रेशन म्हणजे या चारपैकी किमान दोन चिन्हं: बाळ चिडचिडं, अस्वस्थ, डोळे खोल गेलेले, पाणी दिलं की घटाघटा, हावरेपणाने पिणारं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश जागेवर जाणारी. सिव्हिअरमध्ये बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असतं, पिऊ शकत नाही किंवा जेमतेम पितं, आणि चिमटीची घडी जायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो. खोल डोळे दोन्हींत सामाईक आहेत, त्यामुळे निव्वळ त्यांच्या आधारावर वर्ग ठरवू नका.

असेसमेंट: आईचे शब्द वेगळे, तुमचे आकडे वेगळे

या रकान्यात दोन भाग पाडा, सब्जेक्टिव्ह आणि ऑब्जेक्टिव्ह. १४ महिन्यांचं बाळ स्वतः काही सांगणार नाही, म्हणून सब्जेक्टिव्ह डेटा आईचा. "पेशंट सेज ही इज फीलिंग थर्स्टी" असं वाक्य तान्ह्या बाळाच्या प्लॅनमध्ये मी तपासलेल्या वह्यांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मोठ्या माणसाचा पाठ केलेला प्लॅन जसाच्या तसा उतरवला की असं होतं, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं.

वॉर्डात अमळनेर-पारोळ्याकडची आई अहिराणीत सांगेल, "कालपाईन पानीसारखा जुलाब करी राहिना. पानी पेस नि लगेच वकी टाकस." पेपरात तुम्ही तेच अवतरण चिन्हात इंग्रजीत लिहाल: कालपासून पाण्यासारखे जुलाब, पाणी प्यायलं की लगेच उलटी. आईने आणखी दोन गोष्टी सांगितल्या असं धरा: "सकाळपासून त्याने लघवी केली नाही" आणि "जुलाब थांबेपर्यंत अंगावरचं दूध बंद केलं आहे". ही दुसरी ओळ आता बिनकामाची वाटेल, पण तिसरं डायग्नोसिस तिच्यावरच उभं राहणार आहे.

ऑब्जेक्टिव्हमध्ये तुम्ही पाहिलेलं, मोजलेलं, हात लावून तपासलेलं. आपल्या बाळासाठी हे भरू:

वजन ९ किलो. अंगणवाडीच्या कार्डावर मागच्या आठवड्यात ९.६ किलो. तापमान १०० अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला १४८, श्वास ३६. बाळ चिडचिडं, डोळे खोल, जीभ कोरडी, रडताना अश्रू कमी. पाणी दिलं की हावरेपणाने पितं. चिमटीची घडी सावकाश जाते, पण दोन सेकंदांच्या आत. कालपासून आठ पातळ जुलाब, रक्त नाही, तीन उलट्या. लघवी आठ तासांपासून नाही. शीच्या जागेभोवती कातडी शाबूत, लाली नाही.

वजनाचे दोन आकडे का लिहिले ते पाहा. ९.६ वरून ९ म्हणजे ६०० ग्रॅमची घट, मूळ वजनाच्या सहा टक्क्यांच्या आसपास. पाच ते दहा टक्के घट म्हणजे सम डिहायड्रेशन. तुमचा आकडा आणि प्रश्नातलं निदान जुळलं. आजारपणापूर्वीचं वजन हाताशी असणं वॉर्डात नशिबाची गोष्ट, पण पेपरात ते लिहायला कुणाची आडकाठी नाही.

चिमटी कुठे घ्यायची तेही लिहा: बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध, घडी शरीराच्या लांबीच्या दिशेने. आणि एक सावधगिरी. अक्कलकुवा-धडगावकडून येणारं फार वाळलेलं, कुपोषित मूल असेल, तर चिमटीवर आणि खोल डोळ्यांवर विसंबता येत नाही. त्याची कातडी पाणी कमी नसतानाही सावकाश जाते, कारण खालची चरबीच गेलेली असते. अशा मुलाला द्रवही वेगळ्या, सावध पद्धतीने देतात. म्हणून प्रश्नात "सिव्हिअर मालन्यूट्रिशन" हे शब्द असतील, तर खाली दिलेला हिशेब तिथे उतरवू नका.

डायग्नोसिस: तीन तुकड्यांचं एक वाक्य

नर्सिंग डायग्नोसिसमध्ये "अक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस" लिहिलं की रकाना गेला. ते डॉक्टरांचं निदान. आपलं वाक्य समस्या, कारण आणि पुरावा या तीन तुकड्यांचं:

"डेफिसिएंट फ्लुइड व्हॉल्यूम, रिलेटेड टू एक्सेसिव्ह लॉस थ्रू लूज स्टूल्स अँड व्हॉमिटिंग, अ‍ॅज एव्हिडन्स्ड बाय संकन आइज, ड्राय टंग, स्लो स्किन पिंच, नो युरिन फॉर एट अवर्स, वेट लॉस ऑफ सिक्स हंड्रेड ग्रॅम्स."

पुराव्याच्या तुकड्यात असेसमेंटच्या रकान्यात नसलेलं एकही चिन्ह येऊ देऊ नका. वह्या तपासताना मी डाव्या हाताचं बोट असेसमेंटवर ठेवते आणि उजव्या हाताने पुरावे टिक करत जाते. "हायपोटेन्शन" असं अचानक उगवलं आणि डावीकडे रक्तदाब मोजलेलाच नसला, तर तिथे प्रश्नचिन्ह पडतं.

कारणाच्या तुकड्यात शक्यतो आजाराचं नाव टाकू नका. "रिलेटेड टू डायरियल डिसीज" लिहिलं तर नर्स आजारावर काय करणार हा प्रश्न उरतो. "शी आणि उलटीतून पाणी जातंय" हे कारण लिहिलं की इंटरव्हेन्शन आपोआप समोर येते: जेवढं गेलं तेवढं भरा, आणि जातंय त्यावर लक्ष ठेवा.

किती डायग्नोसिस लिहायची? तीन. सात-आठ गुणांच्या उपप्रश्नात सहा नावं ओळीने लिहून प्रत्येकाखाली दोन शब्द टाकण्यापेक्षा, तीन नीट पूर्ण केलेली मला कधीही चालतील. वरती प्राधान्यक्रमाने यादी द्या, मग पहिलं सविस्तर, दुसरं-तिसरं आटोपशीर.

क्रम लावताना जिवाला आधी काय घातक हे पाहायचं. या बाळात पाणी पहिलं, ताप आणि कातडी नंतर, आईला शिकवणं शेवटी. नंदुरबारकडची सिकलसेल क्रायसिसची केस आली तर पहिल्या जागी बहुधा अक्यूट पेन येईल. पण प्रश्नात ऑक्सिजन सॅच्युरेशन घसरलेलं दिलं असेल, तर श्वासाचं डायग्नोसिस वर चढेल. क्रम केसमधला डेटा ठरवतो.

गोल: घड्याळ आणि मोजमाप

"टू मेंटेन फ्लुइड बॅलन्स" हा गोल चुकीचा नाही, पण तो पूर्ण झाला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. त्याला वेळ आणि मोजता येणारी चिन्हं जोडा.

शॉर्ट टर्म: "चार तासांत बाळाची जीभ ओली होईल, चिमटीची घडी लगेच जाईल, बाळ शांत होईल आणि किमान ३६ मिलि लघवी होईल." ३६ कुठून आले? लहान मुलाला तासाला प्रतिकिलो साधारण एक मिलि लघवी अपेक्षित धरतात. ९ किलो गुणिले ४ तास. हा हिशेब समासात लिहून ठेवलात तर तपासणाऱ्याला शोधावा लागत नाही.

लॉंग टर्म: "२४ तासांत वजन ९.५ किलोच्या आसपास येईल आणि डिहायड्रेशनचं एकही चिन्ह राहणार नाही."

चार तास हा आकडा मनाने घेतलेला नाही. सम डिहायड्रेशनसाठी जो प्लॅन बी आहे, त्यात ओआरएस चार तासांत द्यायचं असतं आणि चार तासांनी बाळ पुन्हा तपासायचं असतं. गोलची वेळ आणि उपचाराची वेळ एकच असली की पुढचं इव्हॅल्युएशन सोपं जातं.

प्लॅनिंग आणि इंटरव्हेन्शन: एकाची दुसऱ्यात नक्कल नको

आपल्याकडच्या वह्यांत एक जुनी सवय आहे. प्लॅनिंगमध्ये "असेस व्हायटल साइन्स", शेजारच्या रकान्यात "असेस्ड व्हायटल साइन्स". प्लॅनिंगमध्ये "गिव्ह ओआरएस", शेजारी "गेव्ह ओआरएस". काळ बदलला, मजकूर तोच. पेपर तपासणारा दुसरा रकाना वाचतच नाही, कारण त्यात नवीन काही नसतं.

दोन्ही रकाने असतील तर काम वाटून द्या. प्लॅनिंगमध्ये काय, किती, कितीदा. इंटरव्हेन्शनमध्ये प्रत्यक्ष काय केलं आणि करताना काय आढळलं. त्याच्या टोकाला किंवा वेगळ्या रकान्यात रॅशनल, म्हणजे का केलं.

ओआरएसचं उदाहरण पूर्ण करू. प्लॅन बीचं प्रमाण प्रतिकिलो ७५ मिलि. ९ गुणिले ७५ म्हणजे ६७५ मिलि, चार तासांत.

प्लॅनिंगमध्ये: "कमी ऑस्मोलॅरिटीचं ओआरएस ६७५ मिलि चार तासांत, दीड-दोन मिनिटांनी एक चमचा, आईच्या मांडीवर अर्धवट बसवून."

तासाला सुमारे १७० मिलि बसतं. ५ मिलिचा चमचा धरला तर तासाला चौतीस चमचे. म्हणजे दीड-दोन मिनिटांनी एक हे आकडा पाहूनच आलं आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला बाटलीने किंवा ग्लासाने भसाभसा पाजलं की उलटी होते, आणि मग आई म्हणते "ओआरएस पचत नाही". पचतं, फक्त वेग चुकलेला असतो.

इंटरव्हेन्शनमध्ये: "आईला चमच्याने पाजायला दाखवलं. पहिल्या तासात एक उलटी झाली. दहा मिनिटं थांबून दोन-तीन मिनिटांनी एक चमचा या वेगाने पुन्हा सुरू केलं. चार तासांत ६४० मिलि गेलं."

रॅशनल: "ओआरएसमध्ये ग्लुकोज आणि सोडिअम दोन्ही असतात, आतड्यात ते एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी शोषलं जातं, जुलाब चालू असतानाही." रॅशनलमध्ये "टू गिव्ह फ्लुइड" लिहिणं म्हणजे तीच कृती पुन्हा सांगणं.

याच डायग्नोसिसखाली आणखी तीन-चार कृती पुरे होतात. इनटेक-आउटपुट चार्ट, लघवी मोजायची तर कोरडा आणि ओला लंगोट वजन करून. वाढलेला प्रत्येक ग्रॅम एक मिलि धरायचा. शीने भरलेला लंगोट वेगळा मोजायचा, नाहीतर लघवीचा आकडा फुगतो. दर तासाला नाडी, श्वास, चिमटी, जीभ आणि बाळाची शुद्ध. अंगावरचं दूध चालू ठेवणं. चार तासांनी पुन्हा वजन आणि पुन्हा वर्गीकरण. आणि बाळ सुस्त झालं किंवा पिणं बंद झालं तर लगेच डॉक्टरांना कळवणं, कारण मग प्लॅन सी लागतो, शिरेतून रिंगर लॅक्टेट.

प्लॅन सीचं प्रमाण (अ) मध्ये विचारलं जाऊ शकतं, म्हणून एकदा सांगून ठेवते. एकूण प्रतिकिलो १०० मिलि. एक वर्षाखालच्या बाळाला त्यातले ३० पहिल्या एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत. एक वर्षावरच्याला ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. आपलं बाळ १४ महिन्यांचं, म्हणून दुसरा हिशेब. वयाची ही रेषा विसरली जाते.

औषधांच्या ओळीआधी "अ‍ॅज पर डॉक्टर्स ऑर्डर" लिहा. झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस; दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. आणि कृपा करून "अँटिडायरियल औषध द्या" हे वाक्य लहान बाळाच्या प्लॅनमध्ये लिहू नका. लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी औषधं एवढ्या लहान मुलांना देत नाहीत. आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगण्याचा, बाळ गुंगण्याचा धोका असतो. अँटिबायोटिकही सरसकट नाही. शीत रक्त असेल, कॉलऱ्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. आपण असेसमेंटमध्ये "रक्त नाही" लिहिलं होतं, ते इथे कामी आलं.

इव्हॅल्युएशन: गोल समोर ठेवून

इव्हॅल्युएशन लिहायच्या आधी स्वतःचा गोल पुन्हा वाचा. त्यात जेवढी चिन्हं, तेवढीच इथे यायला हवीत, त्याच क्रमाने:

"चार तासांनी: जीभ ओली, चिमटीची घडी लगेच जाते, बाळ शांत, आईकडे बघून हसतं. लघवी दोनदा, एकूण ६० मिलि. नाडी ११८. वजन ९.३ किलो. शॉर्ट टर्म गोल मेट. जुलाब अजून चालू, चार तासांत दोन. लॉंग टर्म गोल पार्शली मेट. पुनर्वर्गीकरण: नो डिहायड्रेशन. प्लॅन ए सुरू: प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि ओआरएस."

मला यातला "पार्शली मेट" सगळ्यात आवडतो. मुलींना वाटतं की सगळे गोल "मेट" लिहिले तर गुण जास्त. उलट ओआरएस सुरू केल्यावर चार तासांत जुलाब पूर्ण थांबले असं लिहिणं वॉर्ड न पाहिल्याची खूण आहे. ओआरएस पाण्याची भरपाई करतं, जुलाब थांबवत नाही. बाळ काही दिवस पातळ शी करत राहतं आणि तरी सुधारत असतं. अर्धवट राहिलेला गोल आणि त्यापुढे बदललेला प्लॅन, हे दोन्ही दिसले की पाचवी पायरी खरोखर पाचवी वाटते.

दुसरं आणि तिसरं, थोडक्यात

दुसरं डायग्नोसिस कातडीचं: "रिस्क फॉर इम्पेअर्ड स्किन इंटिग्रिटी, रिलेटेड टू फ्रिक्वेंट लूज स्टूल्स." एवढंच. रिस्क डायग्नोसिसला "अ‍ॅज एव्हिडन्स्ड बाय" नसतं, कारण समस्या अजून घडलेली नाही; चिन्हं आणणार कुठून? आपण असेसमेंटमध्ये "लाली नाही" असं लिहिलं होतं म्हणून हे रिस्क. लाली लिहिली असती तर रिस्क हा शब्द काढून पूर्ण तीन तुकड्यांचं वाक्य करावं लागलं असतं. गोल: "दाखल असेपर्यंत शीच्या जागेची कातडी शाबूत राहील." कृती: प्रत्येक शीनंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करणं, घासायचं नाही, ओला लंगोट लगेच बदलणं, डॉक्टरांनी सांगितलं तर झिंक ऑक्साइड क्रीम. आणि हात धुणं, बाळाचे नाही, आपले आणि आईचे.

तिसरं आईचं: "डेफिसिएंट नॉलेज ऑफ मदर, रिलेटेड टू लॅक ऑफ इन्फर्मेशन अबाउट फीडिंग अँड ओआरएस ड्युरिंग डायरिया, अ‍ॅज एव्हिडन्स्ड बाय मदर्स स्टेटमेंट दॅट शी स्टॉप्ड ब्रेस्टफीडिंग." सुरुवातीला घेतलेलं आईचं वाक्य इथे पुरावा झालं.

इथे "हेल्थ एज्युकेशन दिलं" एवढं लिहून सुटू नका. काय शिकवलं ते लिहा, आणि ते त्या आईच्या घरात होण्यासारखं असू द्या. दूध बंद करायचं नाही. पातळ खिचडी, वरण-भात, कुस्करलेलं केळं थोडं-थोडं चालू ठेवायचं. जळगावकडच्या घरात केळं सांगायला कुठून आणायचं हा प्रश्न येत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. बाजारात २०० मिलिची लहान पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर लिहिलेलं माप पाहायचं आणि अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असं करायचं नाही. तयार केलेलं २४ तासांनी टाकून द्यायचं. दुकानात मिळणारं गोड, रंगीत पेय ओआरएसच्या जागी चालत नाही. जास्त साखरेने जुलाब वाढतात. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून, जुलाब थांबले तरी १४ दिवस. "दात येताना जुलाब होतातच" ही समजूत आईने किंवा आजीने बोलून दाखवली असेल तर तीही असेसमेंटमध्ये टाका, मग तिच्यावर बोलायला तुम्हाला जागा मिळते. परत कधी आणायचं तेही सांगा: पिणं बंद झालं, सुस्ती आली, शीत रक्त दिसलं, उलट्या थांबेनात.

या डायग्नोसिसचं इव्हॅल्युएशन "मदर अंडरस्टूड" असं नको. "आईने स्वतः एक लिटर पाणी मोजून ओआरएस तयार करून दाखवलं, बाळाला परत अंगावर घेतलं आणि परत आणण्याची तीन कारणं सांगितली." हे दिसतं, मोजता येतं.

मांडणी आणि घड्याळ

तीन तासांचा, ७५ गुणांचा पेपर धरला तर एका गुणाला साधारण अडीच मिनिटं मिळतात. आठ गुणांच्या केअर प्लॅनला वीस मिनिटं. त्यातली दोन मिनिटं रेघा मारायला जातात, म्हणून पानं उभी-आडवी फिरवत बसू नका. समोरासमोरची दोन पानं एकत्र धरून तक्ता आखा. डाव्या पानावर असेसमेंट, डायग्नोसिस आणि गोल, जो प्लॅनिंगच्याच रकान्याचा भाग धरायचा. उजव्या पानावर प्लॅनिंग, इंटरव्हेन्शन रॅशनलसकट, आणि इव्हॅल्युएशन. इंटरव्हेन्शनचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, डायग्नोसिसचा अरुंद चालतो. पाचही रकाने सारख्या रुंदीचे आखले की इंटरव्हेन्शन खाली लोंबतं आणि त्याच्या शेजारी इव्हॅल्युएशनची पांढरी जागा भकास दिसते.

लिहिताना आडवं जा. पहिल्या डायग्नोसिसचे पाचही रकाने पुरे करा, मग दुसरं. उभं लिहिलं, म्हणजे तिन्ही असेसमेंट आधी, मग तिन्ही डायग्नोसिस, तर वेळ संपताना तीन अर्धवट प्लॅन हातात राहतात आणि इव्हॅल्युएशन एकाचंही नसतं.

पाचच मिनिटं उरली असतील तर तिसऱ्या डायग्नोसिसचा रॅशनल सोडा, दुसऱ्याच्या कृती दोनवर आणा. पहिल्याच्या गोलमधले आकडे आणि इव्हॅल्युएशनमधले आकडे मात्र सोडू नका. ६७५ मिलि, चार तास, ३६ मिलि लघवी, वजन ९ वरून ९.३: एवढं जरी दोन्ही पानांवर जुळलेलं दिसलं, तरी तपासणाऱ्याला धागा सापडतो.